तिसऱ्या टप्प्याचा सुपरवायझर

हॉटेल मॅनेजमेंटची पदवी हातात पडली की कळवा, ठाणे, कल्याण-डोंबिवलीतल्या मुलामुलींच्या कानांवर अमेरिकेचा ‘जे-वन’ येतोच. वर्षभर तिथल्या रिसॉर्टमध्ये प्रशिक्षण, महिन्याला डॉलर, आणि परत आल्यावर बायोडेटावर एका मोठ्या नावाची ओळ. ही वाट दाखवणाऱ्या कन्सल्टन्सींच्या टेबलावर तीन वाक्यं ठरलेली असतात. पहिलं, ‘ट्रेनिंग प्लॅन ही फॉर्मॅलिटी आहे, शेवटच्या पानावर सही करा.’ दुसरं, ‘हा पगार नाही, स्टायपेंड आहे, त्याला किमान-बिमान काही नसतं.’ तिसरं, ‘एकदा पोचलात की सगळं जमून जातं.’ ही वाक्यं एजंटच बोलतात असंही नाही. आईवडील बोलतात, आधी जाऊन आलेले सीनियर बोलतात, कधी कॉलेजचे प्लेसमेंटवालेही बोलतात. यातली पहिली दोन वाक्यं कायद्याने चूक आहेत आणि तिसरं हिशेबाने. आणि ज्या कागदाला फॉर्मॅलिटी म्हणून बाजूला सारलं जातं, त्याच्याइतका उपयोगी कागद मुलाच्या फाइलमध्ये दुसरा नसतो.

त्या कागदाचं नाव डीएस-७००२. जे-१ व्हिसात बरेच प्रकार आहेत, त्यातले आपल्या कामाचे दोन: इंटर्न आणि ट्रेनी. इंटर्न म्हणजे अमेरिकेबाहेर पदवी किंवा तत्सम शिक्षण घेत असलेला, किंवा ते पूर्ण करून १२ महिने उलटले नाहीत असा. ट्रेनीला पदवीनंतर त्याच क्षेत्रातला किमान एक वर्षाचा अनुभव लागतो, किंवा पदवी नसेल तर पाच वर्षांचा. इंटर्नला जास्तीत जास्त १२ महिने मिळतात. ट्रेनीला एरवी १८, पण हॉटेल आणि पर्यटनात त्यालाही १२च. दोघांनाही अमेरिकी परराष्ट्र खात्याने नेमलेली एक ‘स्पॉन्सर’ संस्था लागते आणि प्रत्यक्ष काम देणारं हॉटेल, म्हणजे ‘होस्ट’ लागतं. डीएस-७००२ वर या दोघांची आणि प्रशिक्षणार्थीची, अशा तीन सह्या होतात. तो झाल्याशिवाय स्पॉन्सर व्हिसासाठी लागणारा डीएस-२०१९ देऊ शकत नाही, आणि बांद्रा-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखतीला जाताना दोन्ही कागद बरोबर न्यावे लागतात. शिक्षण कोणत्या टप्प्यात, किती तारखेपासून किती तारखेपर्यंत, कुणाच्या हाताखाली, नेमकं काय शिकवलं जाणार, कसं शिकवलं जाणार, शिकलं की नाही हे कसं तपासणार, आठवड्याला किती तास, पैसे किती, हे सगळं त्यात लिहायचं असतं. तीन पक्षांनी सह्या केलेल्या, तारखा आणि रकमा असलेल्या कागदाला आपल्याकडे करार म्हणतात. घरभाड्याचा ११ महिन्यांचा करार करताना आपण लिफ्ट-पार्किंगपर्यंत सगळं वाचतो. इथे १२ महिन्यांचा करार परक्या भाषेत, परक्या देशात, आणि सही मात्र शेवटच्या पानावर.

हा फॉर्म कुणा कारकुनाच्या डोक्यातून आलेला नाही. २००५ साली अमेरिकी संसदेच्या हिशेब तपासणाऱ्या संस्थेने परराष्ट्र खात्याच्या दोन कार्यक्रमांवर अहवाल दिला. विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात काम देणारा एक आणि ट्रेनींचा दुसरा. खात्याची देखरेख अपुरी आहे आणि प्रशिक्षणाच्या नावाखाली कार्यक्रम नुसत्या कामासाठी वापरला जाण्याचा धोका आहे, असा त्याचा मथितार्थ. त्यानंतर २००७ साली नियम नव्याने लिहिले गेले, २०१० मध्ये ते कायम झाले. आजच्या नियमांतल्या प्रत्येक कलमामागे लबाडीचा एकेक प्रकार उभा आहे, हे लक्षात ठेवून ते वाचले की त्यांचा अर्थ लागतो. कारकुनी काम २० टक्क्यांहून जास्त नको, कारण ट्रेनीला फाइली लावायला बसवलं जात होतं. अकुशल, हंगामी मजुरी चालणार नाही. अमेरिकी कामगाराची जागा ट्रेनीने भरायची नाही. आणि हॉटेल व पर्यटनासाठी खास: कार्यक्रम सहा महिने किंवा जास्त असेल तर किमान तीन विभागांतून किंवा तीन कामांतून फिरवणं बंधनकारक. हे शेवटचं कलम हॉटेलवाल्यांसाठीच का, हे त्या धंद्यातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. हॉटेलात एकाच जागी चिकटवून ठेवायला सोयीची अशी तीन कामं आहेत: खोल्या करणं, नाश्त्याच्या बुफेवर उभं राहणं आणि बँक्वेटच्या टेबलांवर थाळ्या पोचवणं. ती शिकायला फार दिवस लागत नाहीत आणि ती करणारी माणसं कायम कमी असतात.

एक कल्पित उदाहरण घेऊन हा कागद वाचून पाहू. कळव्याची एक मुलगी, पदवी होऊन चार महिने झालेत, फ्लोरिडातल्या एका रिसॉर्टचं १२ महिन्यांचं पत्र आलं आहे. प्लॅनमध्ये चार-चार महिन्यांचे तीन टप्पे आहेत: फ्रंट ऑफिस, फूड अँड बेव्हरेज, हाऊसकीपिंग. वरवर पाहता नियम पाळला गेला. आता आत शिरायचं. फ्रंट ऑफिसच्या रकान्यात लिहिलं असेल की पहिल्या तीन आठवड्यांत बुकिंगची सॉफ्टवेअर प्रणाली शिकवली जाईल, मग चेक-इन, मग रात्रीच्या हिशेबाची जुळणी, मग भरलेल्या हॉटेलात ओव्हरबुकिंग कसं हाताळायचं. शिकवणारी व्यक्ती अमुक, तिचा अनुभव अमुक वर्षांचा. टप्प्याच्या शेवटी मुलीने एकटीने रात्रपाळी सांभाळून दाखवायची, असं सगळं असेल तर तो प्लॅन कुणीतरी डोकं लावून लिहिला आहे. त्याउलट तिन्ही टप्प्यांत ‘पाहुण्यांना उत्तम सेवा देण्याचं कौशल्य आत्मसात करणं’ हेच वाक्य विभागाचं नाव बदलून तीनदा आलं असेल, ‘कसं शिकवणार’ या रकान्यात नुसतं ‘प्रत्यक्ष कामातून’ असेल, आणि तिन्ही टप्प्यांचा सुपरवायझर एकच एचआर मॅनेजर असेल, तर त्या हॉटेलात टप्पे कागदावरच आहेत असं समजायला हरकत नाही. एचआर मॅनेजर हाऊसकीपिंग शिकवत नाही. तिसऱ्या टप्प्याच्या सुपरवायझरचं नाव आणि हुद्दा विचारायचा, हा माझ्या मते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उघडं पाडणारा प्रश्न आहे. पहिला टप्पा कोण बघणार हे कुठलंही हॉटेल सांगतं, कारण त्या खुर्चीत माणूस बसलेला असतो. आठ महिन्यांनी कोण शिकवणार हे सांगायला आधी शिकवायचा इरादा असावा लागतो.

आता पैशाकडे. ‘स्टायपेंडला किमान नसतं’ ही समजूत आपल्याकडे इतकी घट्ट का बसली, त्याचं कारण आपल्याच पट्ट्यात सापडतं. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कारखान्यांनी घराघरांत ‘अप्रेंटिस’ हा शब्द नेऊन पोचवला. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात कलम १८ स्पष्ट आहे: शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही, आणि कामगार कायदे त्याला लागू नाहीत. त्याला स्टायपेंड मिळतो, आणि त्याची किमान रक्कम सरकार वेगळी ठरवतं. २०१९ च्या नियमांत पदवीधरासाठी ती महिन्याला ९,००० रुपये होती. म्हणजे आपल्याकडे ‘शिकतोय म्हणजे कामगार नाही’ हे कायद्याचं वाक्य आहे, आणि ज्यांनी ते अनुभवलं ते तेच माप अमेरिकेला लावतात. मात्र जे-१ चे नियम ट्रेनीला किती द्यायचं हे स्वतः सांगत नाहीत. ते होस्टला तिथले केंद्रीय, राज्य आणि स्थानिक मजुरीचे कायदे पाळायला लावतात. हॉटेलात प्रत्यक्ष काम करणाऱ्या ट्रेनीला तिथलं किमान वेतन लागू होतं, मग त्या रकमेला प्लॅनमध्ये स्टायपेंड म्हणा नाहीतर आणखी काही. केंद्रीय किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलरवर अडकलेलं आहे, पण राज्याचं जास्त असेल तर ते द्यावं लागतं. फ्लोरिडात ३० सप्टेंबर २०२५ पासून ते १४ डॉलर आहे. आठवड्याला ४० तासांच्या वर काम झालं तर दीडपट.

तर आपल्या मुलीचा हिशेब. तासाला १४ डॉलर, आठवड्याला ४० तास, म्हणजे ५६० डॉलर. नियम म्हणतो की कार्यक्रम पूर्णवेळ असला पाहिजे, म्हणजे आठवड्याला किमान ३२ तास. हंगाम संपला की रिसॉर्ट रिकामं होतं आणि रोस्टरवर ४० चे ३२ होतात. नियम मोडला नाही, पण हातात आले ४४८ डॉलर. आठवड्याला ११२ डॉलरची घट. असे सहा महिने, म्हणजे २६ आठवडे गेले तर २,९१२ डॉलर कमी. डॉलरला ८५ रुपये धरले तर जवळपास अडीच लाख. समजा घरच्यांनी कन्सल्टन्सी, स्पॉन्सरची फी आणि तिकीट मिळून साडेतीन लाख खर्च केले, तर त्यातला मोठा भाग या एका फरकातच बुडाला. आणि ३२ च्या खाली रोस्टर गेलं तर तो नुसता तोटा नाही, नियमभंग आहे, आणि ते स्पॉन्सरला कळवायचं असतं. दुसरी खोच टिपची. फूड अँड बेव्हरेजच्या टप्प्यात तिला वेटरच्या कामाला लावलं तर फ्लोरिडाचा कायदा मालकाला तासाला ३.०२ डॉलर टिपमधून वजा धरू देतो, म्हणजे मालकाने थेट द्यायचे फक्त १०.९८. टिप धरून १४ भरले नाहीत तर उरलेले मालकाने भरायचे. हे कायदेशीर आहे, पण प्लॅनमध्ये नुसतं ‘१४ डॉलर’ लिहिलं असेल तर चार महिन्यांनी पे-स्लिपवर वेगळाच आकडा बघून तिला धक्का बसेल. म्हणून विचारायचं ते हे: तिन्ही टप्प्यांत दर तोच आहे का, टिप धरून की सोडून, आणि राहण्याचं भाडं पगारातून कापणार असाल तर किती.

‘मग हॉटेलं हे सगळं कशाला करतील, त्यांना काय मिळतं?’ असं विचारणाऱ्याला आणखी एक बेरीज दाखवावी लागते. जे-१ वरच्या ट्रेनीच्या पगारावर, तो कराच्या दृष्टीने अनिवासी असेपर्यंत, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर हे कर लागत नाहीत. ते कर कामगार आणि मालक दोघेही भरतात, प्रत्येकी ७.६५ टक्के. म्हणजे आपल्या मुलीच्या ५६० डॉलरवर होस्टचे आठवड्याला सुमारे ४३ डॉलर वाचतात, वर्षाला २,२०० च्या वर. तिचेही तेवढेच वाचतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच खुर्चीवर अमेरिकी माणूस बसवला तर मालकाला तो महाग पडतो. अमेरिकी कामगाराची जागा ट्रेनीने भरू नये हे कलम कागदावर असताना करव्यवस्था मात्र उलट दिशेने ओढते. ही विसंगती मी लपवत नाही. उलट तिच्यामुळेच प्लॅन महत्त्वाचा ठरतो. कारण ही मुलगी शिकायला आली आहे की स्वस्त पडते म्हणून आली आहे, याचा पुरावा म्हणून दुसरा कागद तिच्याजवळ नसतो.

इथे एक जड आक्षेप येतो आणि तो खरा आहे. प्लॅन लिहितो होस्ट, मंजूर करतो स्पॉन्सर, आणि स्पॉन्सर फी घेतो. स्वतःचं गिऱ्हाईक आणि स्वतःच परीक्षक. एच-१बी साठी मालकाला त्या भागातल्या प्रचलित वेतनाबद्दल कामगार खात्याकडे लेखी जबाबदारी घ्यावी लागते. जे-१ ट्रेनीसाठी असं काहीच नाही, तळाला फक्त किमान वेतन. स्पॉन्सरने जागेवर जाऊन पाहणं बंधनकारक आहे ते लहान होस्टच्या बाबतीत: आधी त्याच्याकडे कार्यक्रम नीट पार पडलेला नसेल, आणि त्याचे पूर्णवेळ कर्मचारी २५ पेक्षा कमी किंवा वर्षाची उलाढाल ३० लाख डॉलरच्या आत असेल तेव्हा. म्हणजे शेकडो खोल्यांच्या रिसॉर्टकडे, जिथे एका वेळी अनेक ट्रेनी नाश्त्याच्या बुफेवर उभे असू शकतात, तिथे कुणी डोकावलंच पाहिजे असं नाही. जर्मनीत हे वेगळं आहे. तिथल्या ‘आउसबिल्डुंग’ या शिकाऊ उमेदवारीत प्रशिक्षणाची विषयवार आणि वेळापत्रकासह मांडणी करारातच असावी लागते, तो करार उद्योग मंडळाकडे नोंदवावा लागतो, आणि पहिल्या वर्षाचा किमान मोबदला कायद्यात आकड्याने लिहिलेला असतो. २०२५ साली प्रशिक्षण सुरू केलेल्यांसाठी तो महिन्याला ६८२ युरो. जर्मन पद्धत जास्त चांगली, हे मान्य. पण ‘परीक्षक पक्षपाती आहे’ यावरून ‘म्हणून पेपर वाचू नका’ हा निष्कर्ष कसा निघतो? तिथे तुमच्या वतीने वाचणारं मंडळ आहे. इथे नाही, तेव्हा वाचायचं तुम्हालाच.

याहून जड आक्षेप जपानचा. तिथे तांत्रिक प्रशिक्षणार्थींचा कार्यक्रम १९९३ साली सुरू झाला. सुरुवातीच्या काळात पहिल्या वर्षी ते ‘प्रशिक्षणार्थी’ म्हणून कामगार कायद्याच्या बाहेर होते, आणि व्हायचं तेच झालं. २०१० मध्ये कामगार कायदे लागू झाले. २०१७ मध्ये तर प्रत्येक प्रशिक्षणार्थीचा प्लॅन सरकारी यंत्रणेकडून मंजूर करून घेणं सक्तीचं झालं, आणि त्याच वर्षी भारताने जपानबरोबर या कार्यक्रमाचा करार केला. इतकं होऊनही २०२४ मध्ये जपानच्या संसदेला हा कार्यक्रम गुंडाळून नवा कायदा करावा लागला. मग प्लॅनचा काय उपयोग, असं कुणी म्हटलं तर ऐकून घ्यावं लागतं. पण जपानमध्ये प्लॅनची पानं कमी पडली नव्हती. प्रशिक्षणार्थीला मालक बदलता येत नव्हता, आणि अनेकजण घरून एजंटचं कर्ज डोक्यावर घेऊन गेले होते. जो सोडून जाऊ शकत नाही आणि ज्याला हप्ता फेडायचा आहे, त्याच्या हातात कितीही चांगला प्लॅन द्या, तो दाखवायची त्याची हिंमत होत नाही. नव्या जपानी कायद्यात मालक बदलायला काही अटींवर वाट ठेवली आहे, ती याचमुळे. जे-१ मध्ये स्पॉन्सरच्या संमतीने, नव्या होस्टच्या नव्या डीएस-७००२ वर जागा बदलता येते. ती वाट अरुंद आहे, पण ‘आधीच्या प्लॅनप्रमाणे झालं नाही’ हे दाखवता आलं तर ती उघडणं सोपं जातं. जपानचं उदाहरण प्लॅनविरुद्ध नाही, एजंटच्या कर्जाविरुद्ध आहे.

आणि तिथेच आपल्या बाजूचा घोळ आहे. भारताचा १९८३ चा उत्प्रवास कायदा परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटला नोंदणी सक्तीची करतो आणि उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काला ३०,००० रुपयांची, वर जीएसटीची, मर्यादा घालतो. ‘आम्ही नोकरी देत नाही, ट्रेनिंग देतो,’ असं म्हणून कुणाला या कायद्याच्या बाहेर राहायचं असेल, तर त्याने त्या कायद्यातली ‘काम’ या शब्दाची व्याख्या आधी वाचावी. हॉटेल, रेस्टॉरंट, चहाचं दुकान अशा ठिकाणची व्यवस्थापकीय नसलेली सेवा त्यात नाव घेऊन लिहिलेली आहे. तासावर पैसे घेऊन नाश्त्याचं टेबल लावणारी मुलगी यात बसत नाही, असं म्हणायला मोठं धाडस लागेल. तरीही तिच्याकडे कुणी बघत नाही, कारण दहावी झालेल्याच्या पासपोर्टवर उत्प्रवास तपासणीचा शिक्का नसतो आणि अमेरिका त्या तपासणीच्या देशांत नाही. आखाती देशात जाणाऱ्या, दहावी न झालेल्या मजुराचा करार निदान एका सरकारी खिडकीतून जातो. पदवीधराचा कुठल्याच खिडकीतून जात नाही. शिकलेला आहे, स्वतः वाचेल, असं गृहीत धरलेलं आहे. आणि त्याला सांगितलं जातं, वाचू नकोस, फॉर्मॅलिटी आहे.

दुसऱ्या टोकाची माणसं म्हणतात की हा सगळाच वेठबिगारीचा नवा अवतार आहे, बंद करा. २०११ साली पेनसिल्व्हेनियात चॉकलेटच्या गोदामात खोके उचलायला लावलेल्या परदेशी विद्यार्थ्यांनी काम बंद केलं होतं, त्याचा दाखला ते देतात. तो जे-१ चाच, पण उन्हाळी कामाचा प्रकार होता; त्यात टप्प्याटप्प्याचा ट्रेनिंग प्लॅन नसतो. हा फरक बारीक वाटेल, पण त्यात माझं म्हणणं आहे: जिथे प्लॅन नव्हता तिथे विद्यार्थ्यांना संप करावा लागला, कारण ‘ठरलं हे होतं’ असं बोट ठेवायला कागदच नव्हता. शिवाय हॉटेलचं काम हाताने केल्याशिवाय शिकता येत नाही, हेही या मंडळींनी समजून घ्यावं. दिवसाला १४ खोल्या करणं हे सहा आठवडे शिक्षण असतं. चादरीचा कोपरा, वेळेचं गणित, खोलीतल्या बिघाडाची नोंद, तयार खोली फ्रंट ऑफिसला कधी सोडायची, हे त्यातूनच येतं. सातव्या आठवड्यापासून तेच काम मजुरी होतं, जर पुढे फ्लोअर तपासणं, लिननचा साठा, माणसांचं वेळापत्रक यातलं काही आलं नाही तर. शिक्षण आणि मजुरी यांच्यामधली रेघ कामाच्या प्रकारात नसते, पुढच्या पायरीत असते. ती पायरी कधी येणार, हे लिहायची जागा म्हणजे प्लॅनमधला प्रत्येक टप्प्याचा क्रम.

मालकांच्या बाजूने एक तक्रार ऐकू येते की एवढे रकाने भरायला लावले तर लहान हॉटेलं ट्रेनी घेणारच नाहीत. तीन विभाग नसलेल्या हॉटेलात हॉटेलचं प्रशिक्षण होत नाही, एवढंच त्यावर उत्तर.

उरतो तो घरचा, काळजीचा आक्षेप: ‘कागद दाखवायला गेली आणि तिलाच परत पाठवलं तर?’ हा धोका आहे. न सांगता काम सोडून गेलं तर स्पॉन्सर कार्यक्रम संपवतो, आणि तसा संपला की नियमित पूर्ण झालेल्यांना निघायला मिळतात ते ३० दिवसही मिळत नाहीत. म्हणून भांडण सुपरवायझरशी करायचं नाही, काम सोडायचं नाही, आणि आधी स्पॉन्सरला लेखी कळवायचं. स्पॉन्सर दाद देत नसेल तर परराष्ट्र खात्याची हेल्पलाइन जे-१ वाल्यांसाठी वेगळी आहे. स्पॉन्सरला लिहायच्या पत्रात भावना कमी आणि तारखा जास्त हव्यात: प्लॅनप्रमाणे १ मेपासून हाऊसकीपिंग, सोबतच्या रोस्टरप्रमाणे ३० मेपर्यंत रोज नाश्ता विभाग, प्लॅनमध्ये ४० तास, सोबतच्या चार पे-स्लिपवर सरासरी २९. रोस्टरचे फोटो आणि पे-स्लिपा पहिल्या आठवड्यापासून जपून ठेवल्या असतील तर हे पत्र अर्ध्या तासात होतं.

आणि एक सही अशी आहे जिच्याबद्दल इथल्या कुठल्या टेबलावर कुणी बोलत नाही. सहा महिन्यांहून मोठ्या कार्यक्रमात मध्यावर आणि शेवटी असं दोनदा मूल्यमापन होतं, त्यावर सुपरवायझरबरोबर प्रशिक्षणार्थीचीही सही लागते, आणि स्पॉन्सर तो कागद तीन वर्षं जपून ठेवतो. आपल्या उदाहरणातली मुलगी सहाव्या महिन्यात ब्रेकफास्ट शिफ्ट संपवून ऑफिसात जाईल, तेव्हा तिच्यापुढे ‘पहिला टप्पा, फ्रंट ऑफिस, समाधानकारक’ असं छापलेलं पान येईल, आणि ती फ्रंट ऑफिसच्या काउंटरमागे एकदाही उभी राहिलेली नसेल. तिने तिथे ‘हा टप्पा झालेला नाही’ अशी एक ओळ लिहून सही केली, तर तिसऱ्या टप्प्यासाठी कुणाचं तरी नाव शोधावं लागेल. तिने नुसती सही केली, तर पुढे ती काहीही म्हणाली तरी स्पॉन्सरच्या फाइलमध्ये तिच्याच अक्षरात उत्तर पडलेलं असेल.